पोह्यातला सांबार : साताऱ्यातल्या एका पहिल्या भेटीचं टिपण

पुण्यातल्या एका वधूवर सूचक मंडळाचं काम मी बरीच वर्षं करते आहे. स्थळं सुचवणं, फोन करणं आणि दोन्हीकडच्यांनी म्हटलंच तर पहिल्या भेटीला जाऊन बसणं, असं कामाचं स्वरूप. भेटीहून घरी आले की वहीत चार ओळी लिहून ठेवते. कोण काय बोललं, कुठे अवघडलं, कुठे सुटलं. ही हकिकत त्याच वहीतली आहे. माणसं ओळखू येऊ नयेत म्हणून थोडे तपशील बदलले आहेत, संवाद मात्र आठवतात तसे दिले आहेत.

मुलगी साताऱ्याची, सहकारी बँकेत नोकरीला. वडील जिल्हा परिषदेच्या शाळेतून मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झालेले. मुलगा पुण्यात नोकरी करणारा, पण घर अकोला जिल्ह्यात मूर्तिजापूरला. जात, पत्रिका, देवक, मामाचं कूळ हे सगळं दोन्ही घरांनी फोनवर आधीच ताडून घेतलं होतं. (ते ताडावं का, हा वाद मी इथे काढत नाही. ताडतात एवढं खरं.) फोटो बघून झाले होते. बायोडाटा तर दोन्ही घरांत इतक्यांदा वाचला गेला होता की मुलीच्या आजीला मुलाची उंची पाठ होती.

म्हणजे डिसेंबरातल्या त्या रविवारी अकराच्या सुमाराला माणसं दारात आली, तेव्हा एकमेकांबद्दल विचारण्यासारखं फारसं काही उरलंच नव्हतं. कांदेपोह्यांच्या कार्यक्रमातली खरी गंमत आणि खरी अडचण इथेच असते. पहिला अर्धा तास माणसं उत्तरं माहीत असलेलेच प्रश्न विचारतात. “गाव कुठलं म्हणायचं तुमचं?”, “शिक्षण कुठे झालं?”, “भावंडं किती?” सगळं कागदावर असतं. तरी ते विचारायचं असतं, कारण माहितीसाठी ते प्रश्न नसतातच. समोरचा माणूस बोलतो कसा, कुणाकडे बघून बोलतो, आपल्या वडीलधाऱ्यांना उत्तर देताना सावरून बसतो का, हे ऐकायला आणि बघायला ते असतात. ज्यांना हे कळत नाही त्यांना वाटतं, हे सगळं बोलून झालंय, आता मुद्द्याचं विचारावं. आणि तिथे भेट बिघडते.

दारातली पाच मिनिटं

मुलाकडून पाच माणसं आली. मुलगा, आईवडील, मामा आणि आत्या. पाच म्हणजे ठीक. सात-आठ झाली की हॉलमध्ये खुर्च्या कमी पडतात, घरातले उभे राहतात आणि उभ्या माणसाशी गप्पा होत नाहीत.

“या, या. पत्ता सापडला ना नीट?” मुलीचे वडील फाटकापर्यंत आले होते. हे चांगलं केलं. दारात उभं राहून “या” म्हणणं आणि चार पावलं पुढे येऊन “या” म्हणणं यात फरक आहे आणि मुलाकडचे तो घरी जाऊन बोलतात. चपला काढणं, हात जोडणं, “असू दे, असू दे, घरात घाला चपला” हे झालं. घरात कुणी घातल्या नाहीत, अर्थातच.

आत आजी दिवाणावर बसल्या होत्या. मुलगा सरळ त्यांच्यापाशी गेला आणि वाकून नमस्कार केला. आजी खूश झाल्या. पण मग त्याला कळेना, आता पुढे काय. शेजारी मुलीचे काका उभे होते, त्यांच्यापुढे तो अर्धा वाकला, काकांनी “अरे, नको नको” म्हणत खांदे धरले आणि दोघंही मधल्यामध्येच थांबले. ही फजिती मी इतक्यांदा पाहिली आहे की हल्ली मुलांना आधीच सांगते, बसलेल्या आजी-आजोबांना वाकून आणि बाकी सगळ्यांना हात जोडून. रांगेत एकदा वाकायला लागलात की शेवटपर्यंत वाकावं लागतं, मधे कुणाला सोडलंत तर त्यालाच नेमकं लागतं.

माझीही एक चूक इथेच झाली. ओळख करून देण्याचं काम मध्यस्थाचं. मी म्हटलं, “हे मुलाचे वडील, ह्या आई, ह्या आत्या आणि हे मामा.” मामा सगळ्यांत शेवटी. मला माहीत होतं की त्या घरात मामांचा शब्द चालतो आणि वयानंही तेच सगळ्यांत मोठे. ओळख वडिलांपासून सुरू करायची आणि लगेच वयानं मोठ्या माणसाकडे यायचं, हा माझाच शिरस्ता. त्या दिवशी आत्या माझ्या शेजारी उभ्या होत्या म्हणून त्यांचं नाव आधी तोंडात आलं. मामा काही बोलले नाहीत. कोपऱ्यातल्या खुर्चीवर जाऊन बसले.

रस्ता, गाव आणि रेल्वे

पाणी आलं. पाण्याबरोबर रस्ता आला. पहिल्या भेटीत रस्त्याइतका सोयीचा विषय नाही. सगळ्यांनी तो एकत्र पाहिलेला असतो आणि त्यावर कुणाचं मत चुकत नाही.

“खंबाटकीत अडकलात का?” मुलीच्या काकांनी विचारलं. पुण्याहून साताऱ्याला येताना तेव्हा घाट चढावा लागायचा, परतताना बोगदा मिळायचा. त्यातून रविवार, महाबळेश्वरला निघालेल्या गाड्यांची गर्दी.

मामा पहिल्यांदा बोलले. “काही विचारू नका. सकाळपासून येऊनच राहिलो आम्ही. घाटात निरे ट्रकच ट्रक.”

आतून, स्वयंपाकघराच्या दारातून, हसण्याचा आवाज आला. दाबलेला, पण आला. मुलीची मावसबहीण, अकरावीतली पोर. “येऊन राहिलो” तिनं फक्त टीव्हीवरच्या विनोदी कार्यक्रमात ऐकलेलं असणार.

हॉलमध्ये क्षणभर कुणी काही बोललं नाही. मुलाच्या आईनं पदर नीट केला. मामांनी पाण्याचा पेला खाली ठेवला आणि त्यानंतर दहा मिनिटं “हो” आणि “नाही” याखेरीज बोलले नाहीत. वऱ्हाडी बोलीत ‘येऊन राहिलो’, ‘करून राहिला’ ही रोजची, सरळ क्रियापदं आहेत, त्यात विनोद काही नाही. पण विदर्भातली बहुतेक माणसं पुण्या-मुंबईकडे एकदा तरी या शब्दांवरून हसू झेलून आलेली असतात. त्यामुळे ते हसू त्या पोरीचं न राहता त्या घराचं झालं.

अशा वेळी माफी मागायची की दुर्लक्ष करायचं? माझ्या मते लगेच मागितलेली माफी जखमेवर बोट ठेवते. “लहान आहे हो ती, मनावर घेऊ नका” म्हटलं की कुणी मनावर घेण्यासारखं काही झालं, हे सगळ्यांसमोर नोंदलं जातं. मुलीच्या वडिलांनी शिक्षकाच्या सवयीनं दुसरा मार्ग धरला. त्यांनी मामांनाच पुढचा प्रश्न विचारला, आणि उत्तर देताना त्यांचा अधिकार दिसेल असा विचारला.

“मूर्तिजापूर म्हणजे तिथून ती छोटी रेल्वे निघायची ना? शकुंतला?”

“हो.”

“यवतमाळला जायची ती?”

“यवतमाळला एक. अन् दुसरी अचलपूरला.” थोडं थांबून, “आमच्या लहानपणी बसलो आम्ही तिच्यात.”

मामा पूर्ण खुलले नाहीत, पण एका शब्दावरून तीन वाक्यांपर्यंत आले. गाव विचारण्याची ही पद्धत मला फार आवडते. “गाव कुठलं?” एवढ्यावर सोडलं की त्याचा वास कुळापर्यंत, जातीपर्यंत जातो आणि समोरचा सावध होतो. तेच गावातल्या एखाद्या गोष्टीचं नाव घेऊन विचारलं की आम्ही तुमच्या गावाला ओळखतो, एवढंच पोचतं. यासाठी आदल्या दिवशी दहा मिनिटं नकाशा बघितला तरी पुरतं.

रेल्वेवरून रेल्वे निघाली. मुलाकडची मंडळी आदल्या दिवशी महाराष्ट्र एक्स्प्रेसनं पुण्यात उतरली होती. काका म्हणाले, “अहो, ती गाडी तर इथवर येते की! माहुलीला उतरला असता, मी आलो असतो की घ्यायला.” गोंदियाहून निघणारी ही गाडी अकोला, पुणे, सातारा करत कोल्हापूरला जाते, हे मुलाच्या वडिलांनाही माहीत होतं, पण मुलाचं पुण्यातलं घर बघायचं म्हणून ते तिथे थांबले होते. मग गाडीला लागणारा वेळ, रिझर्व्हेशन, जेवणाचा डबा. एकाच गाडीच्या वाटेवरची ही दोन घरं आहेत हे सगळ्यांच्या लक्षात आलं. कुणी ते बोलून दाखवलं नाही, तेही बरं झालं.

पोहे

मुलगी ट्रे घेऊन आली नाही. हे आम्ही आधी ठरवलं होतं आणि मुलाकडच्यांच्या कानावरही घातलं होतं. ट्रेबद्दल माझं मत पक्कं आहे. त्यात अपमान आहे की नाही हा मुद्दा वेगळा, पण दोन्ही हातांत ट्रे धरलेलं माणूस नमस्कार करू शकत नाही आणि सहा पेले सांभाळताना कुणाच्या डोळ्यांत बघू शकत नाही. पहिल्या ओळखीची वेळ ती त्यात जाते. म्हणून पोह्यांच्या बश्या मुलीच्या भावानं आणल्या आणि ती मागून येऊन, हात जोडून, आईच्या शेजारी बसली.

मुलाच्या वडिलांनी तरीही विचारलंच, “नाव काय बेटा, पूर्ण?” तिनं वडिलांच्या नावासकट पूर्ण नाव सांगितलं. हा तोच ठरलेला, उत्तर माहीत असलेला प्रश्न. काही मुलींना याचा राग येतो, “बायोडाट्यात लिहिलंय की” असं मनात येतं. पण नाव सांगताना आवाज एकदा लागतो आणि मग पुढचं सोपं जातं. गाणाऱ्यानं आधी षड्ज लावावा तसं.

त्यानंतर आत्यांनी बशी हातात घेतली, पहिला घास खाल्ला आणि म्हणाल्या, “वा, सांबार मस्त टाकला आहे.”

मुलीच्या आईचा चेहरा पडला. “सांबार… सांबार नाही हो केलं. पोह्यांबरोबर तुमच्याकडे सांबार लागतं का? मला कुणी सांगितलंच नाही.” आणि त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मला घाम फुटला. नागपूरकडे पोह्यांवर तर्री घेतात हे त्यांच्या कानावर होतं. तसलंच काहीतरी ओतायचं राहिलं, असं त्यांना वाटलं असणार.

आता आत्या गोंधळल्या. “अहो, हा काय, वरून टाकलाय ना भरपूर!” म्हणून त्यांनी बशीतली हिरवी पानं दाखवली.

“ही? ही कोथिंबीर.”

“तेच ना. सांबार.”

विदर्भात कोथिंबिरीला सांबार म्हणतात. एवढीच गोष्ट, पण हॉलमध्ये जे हसू फुटलं त्यात दोन्हीकडचे होते. सगळ्यांत मोठ्यानं मुलीची आई हसली, स्वतःवर. मामाही हसले. म्हणाले, “बाजारात गेलो अन् सांबार मागितला, तर इथला भाजीवाला मला उडप्याच्या हॉटेलात पाठवेल.” त्यावर स्वयंपाकघरातून पुन्हा तीच पोर हसली, आणि या वेळी मामांनी दाराकडे बघून विचारलं, “कोण हसून राहिलं बा तिकडे? बाहेर ये, बघू तर दे.” ती ओढणीशी चाळा करत बाहेर आली, मामांच्या पाया पडली. ‘हसून राहिलं’ हे त्यांनी मुद्दाम म्हटलं, हे सगळ्यांना कळलं.

घरी येऊन वहीत मी या दोन हसण्यांबद्दल लिहिलं. पहिलं हसू दाराआडून आलं आणि ते एकाच बाजूचं होतं. दुसऱ्या वेळी यजमानीणबाई स्वतःच चुकल्या होत्या, म्हणून पाहुण्यांना हसायची मोकळीक मिळाली. असा प्रसंग ठरवून आणता येत नाही. पण यजमानांनी आपलं काही कच्चं दिसू दिलं, मीठ कमी पडलं असेल तर “आज मीठच विसरले बघा” म्हटलं, की पाहुणे सैल होतात. सगळं अचूक मांडलेल्या घरात मी माणसं पोह्याचा दाणाही न सांडता खाताना पाहिली आहेत. तिथे गप्पा होत नाहीत.

एक अवेळी प्रश्न

सैलपणाचा तोटाही असतो. हसू ओसरल्यावर आत्यांना वाटलं, आता आपण घरचेच झालो. त्यांनी मुलीला विचारलं, “मागच्या वर्षी पुण्यातलं एक स्थळ होतं ना तुझं, ते का राहिलं?”

या प्रश्नाचं उत्तर खोलीत कुणालाच माहीत नव्हतं, मुलीच्या घरचे सोडून. उत्तर माहीत नसलेला हा त्या दिवशीचा पहिलाच प्रश्न, आणि तो पोहे खाताना, दहा माणसांत, थेट मुलीला. प्रश्न गैर नव्हता. मुलाकडच्यांना ते जाणून घ्यायचा हक्क आहे, पण त्याची जागा नंतर, आणि बहुतेक वेळा माझ्यामार्फत. मुलगी गप्प झाली. तिच्या वडिलांनी काहीतरी बोलायला तोंड उघडलं.

मुलाची आई त्यांच्याआधी बोलली. “ताई, पोहे गार होऊन राहिले तुमचे. अन् बर्फी द्यायची राहिलीच की आपली.” तिनं पिशवीतून संत्रा बर्फीचा डबा काढला आणि उठून आजींच्या हातात दिला. टेबलावर ठेवला नाही. डबा, उठणं, आजींचं “अगं कशाला आणलंस” यात अर्धा मिनिट गेलं आणि प्रश्न तिथेच बुडाला. मी वहीत तिच्या नावापुढे चांदणी काढली. सासू कशी असेल हा अंदाज मुलीच्या आईनं तेवढ्यावरून बांधला असणार, निदान मी बांधला.

वरची खोली

मग “दोघांना बोलू द्या थोडं” झालं. वरच्या खोलीत, दार उघडं ठेवून, वीस मिनिटं. तिथे मी नव्हते; पुढचं दोघांनी मला वेगवेगळं सांगितलं आणि ते जुळलं म्हणून लिहिते.

मुलानं सुरुवात वाईट केली. “तुमच्या अपेक्षा काय आहेत?” बहुतेक मुलं इथूनच सुरू करतात. अपेक्षा बायोडाट्याच्या शेवटच्या ओळीत असतात आणि सगळ्यांच्या सारख्याच असतात. तिनंही सारखंच उत्तर दिलं: समजूतदार, निर्व्यसनी, कुटुंबाला धरून राहणारा. मग शांतता. गाव विचारल्यावर माणूस गोष्ट सांगू शकतो, अपेक्षा विचारल्यावर फक्त विशेषणं सांगतो.

खिडकीतून अजिंक्यतारा दिसत होता. मुलानं विचारलं, “तुम्ही चढता का कधी?”

“दर रविवारी सकाळी. आज तुमच्यामुळे राहिलं.”

तिथून ते बोलायला लागले. चढायला किती वेळ लागतो, वर काय आहे, पाऊस असताना जाता का, मूर्तिजापूर कसं सपाट आहे आणि त्याला पुण्यात आल्यावर पहिल्या वर्षी डोंगर किती जवळ वाटायचे. मधेच तो म्हणाला, “मला ‘तू’ म्हटलंत तरी चालेल.” ती म्हणाली, “मग तुम्हीही म्हणा.” आणि दोघंही शेवटपर्यंत ‘तुम्ही’वरच राहिले. मला यात काही खटकलं नाही. पहिल्या दिवशी ‘तू’ची परवानगी देऊन ठेवावी, वापरायची घाई करू नये. खाली आल्यावर वडीलधाऱ्यांसमोर एक ‘तू’ सुटला तर त्याचे नको ते अर्थ निघतात.

उतरताना तिनं विचारलं होतं, “कोथिंबिरीला सांबार म्हणता, मग इडलीबरोबरच्या सांबारला काय म्हणता?”

“सांबारच.”

निघताना

बायकांना हळदीकुंकू लावलं. कंदी पेढे बशीत आधीच देऊन झाले होते, बांधून दिले नाहीत. हा माझा सल्ला होता. बांधून दिलेलं गोड काही घरांत होकारासारखं वाचलं जातं आणि मग नकार द्यायला जड जातं. “येतो आम्ही” म्हणत मंडळी उठली. मुलाचे वडील म्हणाले, “दोन-तीन दिवसांत कळवतो.” मुदत सांगितली हे चांगलं लक्षण. नुसतं “कळवतो” म्हणजे बहुधा नाही असतं.

गाडीत बसताना मामांनी मला बाजूला घेतलं. मला वाटलं, आता ते हसणं निघणार. ते म्हणाले, “बाई, ओळख करून देताना मला शेवटी काहून टाकलं तुम्ही?”

मी चूक कबूल केली. ते “असू द्या” म्हणाले, पण विसरले नव्हते. पोरीचं हसणं सांबारात विरघळलं होतं, माझा क्रम मात्र तसाच शिल्लक होता.

तिसऱ्या दिवशी दुसऱ्या भेटीचा निरोप आला, पुण्यात, फक्त दोघांची. फोन मुलानंच केला होता. आधीच्या स्थळाबद्दल त्यानं तेव्हा मला विचारलं, मी मुलीला विचारून सांगितलं, त्याचं समाधान झालं. मग म्हणाला, “काकू, एक सांगू? त्यांना नका सांगू पण. परत येताना बोगदा येईपर्यंत मामा आणि आत्या गाडीत एकमेकांना ‘बसा की, घ्या की, आलो असतो की’ करत हसत होते.”